आधी फोटो, मग रस्ता

पेणमध्ये मी जाहिराती करतो. एस.टी. स्टँडच्या मागे, पोह्याच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या गाद्या, आणि खालून दिवसभर येणारा भाजक्या पोह्यांचा वास. हमरापूरचे गणपतीवाले, दहावीचे क्लासवाले, सोनार, प्लॉट विकणारे, सगळे माझ्याकडे येतात. सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते आणि सगळे ती चुकीच्या नावाने मागतात. "पंधरा सेकंदांचा बंपर करा, आणि बटण यायच्या आत सगळं सांगून टाका."

माझं डोकं तिथेच फिरतं. अहो, बंपर सहा सेकंदांचा असतो. मोबाईलवर व्हिडिओच्या आधी येतो, त्याला बटण नसतं, बघणाऱ्याने डोळे मिटेपर्यंत संपतोसुद्धा. पंधरा सेकंदांची बिनबटणाची जाहिरात वेगळी. ती लागली की माणूस अडकला, बघितल्याशिवाय त्याची सुटका नाही. आणि तिसरी असते ती बटणवाली. तिला पाच सेकंद झाले की कोपऱ्यात 'वगळा'चं बटण येतं आणि लोक ते असं दाबतात जसं अंगावर पाल पडली आहे. म्हणजे बटणवाली असेल तर जे सांगायचं ते पाच सेकंदांच्या आत सांगा, बिनबटणाची असेल तर पंधरा सेकंद तुमचे. 'पंधरा सेकंदांचा बंपर' असला प्राणी जगात नाही. हे मी आजवर इतक्या वेळा समजावलं आहे की झोपेतही सांगेन. आणि एवढं समजावूनही सगळ्यात मोठी माती मीच खाल्ली, तीही सख्ख्या बहिणीच्या जाहिरातीत.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं मूळ रोह्याचं. भावोजी आधी धाटावला कंपनीत होते. शिफ्टचा कंटाळा आला तेव्हा नोकरी सोडून त्यांनी खांबला हायवेला लागून हॉटेल टाकलं. हॉटेल कसलं, सात टेबलं आणि मागे चूल. पण तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तव्यावरची सुकट खायला महाडपर्यंतचे टेम्पोवाले तिथे गाडी लावायचे. भावोजी गल्ल्यावर बसायचे ते नावापुरते. ते खरे उभे असायचे रस्त्यावर, येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत.

भावोजी लॉकडाऊनमध्ये कोरोनाने गेले. त्यानंतर ताईने एकटीने हॉटेल चालवलं, आणि चांगलं चालवलं. मग नवा रस्ता झाला. हायवे उचलून पुलावर घातला आणि हॉटेल पुलाच्या खाली, बाजूच्या रस्त्यावर राहिलं. आता गोव्याकडे जाणाऱ्याने पूल सुरू व्हायच्या आधी डावा रस्ता धरला तरच तो ताईच्या दारात येतो. एकदा पूल चढला की तो वरून भुर्रकन पुढे. परत फिरून यायला कोण बसलंय?

माझा भाचा पनवेलला असतो. तो वाईट मुलगा नाही. पण त्याने आईला सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत बघू, गिऱ्हाईक वळलं तर ठीक, नाहीतर जागा टायरवाल्याला भाड्याने द्यायची आणि तू इकडे यायचं. खोली तयार होती. कपाटसुद्धा रिकामं करून ठेवलं होतं. ताई मागे तिथे आठ दिवस राहून आली होती. अकरावा मजला. सकाळी सगळे कामाला गेले की ती सेफ्टी डोअरच्या जाळीतून लिफ्टचे आकडे बदलताना बघत बसायची. लिफ्ट एकटीने चालवायची तिला भीती वाटायची आणि जिना उतरायला गुडघे तयार नव्हते. मला म्हणाली होती, तिथे मला कुणी कोंडलेलं नाय, तरी मी कोंडलेलीच हाय. म्हणून दिवाळी हा शब्द तिच्या तोंडी आला की मी विषय बदलायचो.

गणपती झाल्यावर ती पेणला आली. पिशवीत सुकट, लाल तांदूळ आणि भावोजींचा फोटो. फोटो कशाला आणलास, म्हटलं. तर म्हणे जाहिरातीत घालायचाय, अगदी पहिला.

मी तोपर्यंत तिची जाहिरात लिहूनही ठेवली होती. पहिलंच वाक्य: 'खांबला पूल चढायच्या आधी डावीकडे वळा.' दोन सेकंदांत रस्ता, तिसऱ्या सेकंदाला वाफाळतं बिरडं, पाचव्याच्या आत हॉटेलचं नाव. पुढे कुणी बघो न बघो, काम झालं. या धंद्यात हेच शहाणपण आहे.

ताईने ते ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. दारात आलेल्या माणसाला बस नाही, पाणी घे नाही, एकदम 'डावीकडे वळ' म्हणतात का कुठे? आधी नमस्कार, मग ज्याने हॉटेल घातलं त्याचा फोटो, मग बाकीचं. मी तिला समजावलं की पत्रिका वेगळी, जाहिरात वेगळी. पत्रिकेवर वर देवाचं नाव घाला, खाली गेलेल्यांचे आशीर्वाद घाला, पत्रिका पळून जात नाही. इथे माणूस पाच सेकंदांत पळतो.

"मग बटण नको," ती म्हणाली. "तूच म्हणतोस ना, बिनबटणाची असते म्हणून. मला ती दे. ह्यांचा फोटो कुणी दाबून बाजूला सारता कामा नये. एवढं एकच मागते."

मी वचन दिलं. बटण नसेल, ताई.

आणि मग खरं सांगायचं तर मला त्या जाहिरातीची चटक लागली. पंधरा सेकंद पूर्ण हातात असले की लिहिणाऱ्याला जो मोकळेपणा मिळतो तो माझ्या वाट्याला वर्षातून दोनदा येतो. आम्ही खांबला जाऊन हॉटेलातच रेकॉर्डिंग केलं. भिंतीवर फोटो, फोटोला ताजा हार, खाली समई. कॅमेरा फोटोवर आणि ताईचा आवाज. ती भावोजींचं नाव घेत नाही, उभ्या जन्मात तिने ते उखाण्याशिवाय घेतलेलं नाही, म्हणून वाक्य तिच्याच तोंडचं ठेवलं: "नमस्कार. खांबचं हॉटेल आमच्या ह्यांनी चालू केलं. हे आता नाहीत."

इथे बरोबर पाच सेकंद होतात. मग कॅमेरा फोटोवरून खाली येतो, चुलीवर भाकरी फुगते, आणि ती म्हणते, "पण चूल चालू हाय. खांबला पूल चढू नका, आधीच डावीकडे वळा. बिरडं तेच, भाकरी तीच. या." शेवटच्या 'या'वर ती कॅमेऱ्याकडे बघते. पंधरा सेकंद. एकदाच घेतलं, दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. मी ती फिल्म त्या आठवड्यात तीसेक वेळा तरी बघितली असेन. 'हे आता नाहीत' आणि 'पण' यांच्यामध्ये ताई किंचित थांबते, त्या थांबण्यावर मी खूश होतो. अडकलेला माणूस तिथे डोळे वर करणारच, असं मला वाटत होतं.

जाहिरात चालू करायच्या दिवशी माझ्या अंगात शहाणपण शिरलं. बिनबटणाच्या जाहिरातीला ती जितक्यांना दिसेल तितक्यांचे पैसे लागतात. बटणवालीचं तसं नाही. इतकी छोटी फिल्म असेल तर ज्याने ती शेवटपर्यंत बघितली किंवा तिच्यावर बोट ठेवून हॉटेलचा पत्ता उघडला, त्याचेच पैसे. पाच सेकंदांनी पळाला तो फुकट. ताईने दिलेल्या रकमेत बिनबटणाची जाहिरात चारपाच दिवस कशीबशी चालली असती. मी म्हटलं, बटणवाली लावू, महिनाभर चालेल, पेण, रोहा, माणगाव, पनवेल सगळीकडे दिसेल. पळणारे पळू देत, पाच सेकंद तर बघतील. ताईला काय कळतंय? तिच्या फोनवर मीच ॲपचे पैसे भरून जाहिराती बंद करून दिल्या होत्या.

आणि फिल्म तीच ठेवली. बटणवालीला पाच सेकंदांच्या आत निरोप पोचला पाहिजे, हे गावाला शिकवणाऱ्या या शहाण्याने फोटोवाली फिल्म बटणवालीत लावली. ती मला पाठ होती ना! मला 'हे आता नाहीत' ऐकलं की 'पण' आपोआप ऐकू यायचं. बाकीच्या जगाला ते ऐकू येणार नाही, हे डोक्यातच आलं नाही.

दहा दिवस मी आकडे बघून मिशीत हसत होतो. जाहिरात पुष्कळ लोकांना दिसत होती. बहुतेक जण पाचव्या सेकंदाला जात होते, म्हणजे फुकटात जात होते. एका माणसाला दिवसात दोनदाच दिसेल अशी मर्यादाही घातली होती, उगाच कुणाला वैताग नको म्हणून.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. आवाज बारीक. "ये इकडे. माणसं आलीत."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वडखळला वडापाव घ्यायलासुद्धा थांबलो नाही. नागोठणं मागे पडलं, खांबचा पूल दिसला, मी डावीकडे वळलो आणि बघतो तर हॉटेलसमोर गाड्याच गाड्या. दोन जीपगाड्या, सातआठ मोटारसायकली, एक टेम्पो. मी गाडी लावता लावता मनातल्या मनात भाच्याला फोनही केला, की घे तुझं कपाट भरून.

दाराशी चपलांचा ढीग होता. हॉटेलात कोण चपला काढून शिरतो?

आत गेलो. टेबलं भिंतीला सरकवलेली, खाली सतरंजी, तिच्यावर माणसं मांडी घालून बसलेली. साध्या फिक्या साड्या, पांढरे शर्ट, माना खाली. फोटोखाली ताई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या गळ्यात पडून आमची रोह्याची आत्या रडत होती. आत्या ऐंशीच्या पुढची. कुणीतरी सरकून मला जागा दिली आणि मी खाली बसलो. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, कधी झालं हो?

काय झालंय ते कळायला मला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

एवढं अडकल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. डाव्या हाताला तो म्हातारा, उजवीकडे एक महाडचा टेम्पोवाला, समोर आत्याचं रडणं. उठून सांगावं तर काय सांगावं? मंडळी, कुणीही आत्ता गेलेलं नाही, ही जाहिरात आहे, तुम्ही बटण दाबलंत म्हणून पुढचं ऐकलं नाहीत, डावीकडे बिरडं तयार आहे? आत्या या वयात दोन बस बदलून आली होती. मी मूग गिळून बसलो. पाठीला घाम फुटला होता आणि पंखा त्या लोकांनी बंद केला होता, समई विझू नये म्हणून.

आतून भाताचा वास येत होता. ताईने पहाटेच स्वयंपाक करून ठेवला होता, रविवारचं गिऱ्हाईक येईल म्हणून. कुणी पाण्याला हात लावला नाही. सुतकाच्या घरचं कोण घेणार? तास-दीड तास बसायचे, उठायचे, हात जोडायचे, आणि 'येतो' न म्हणता निघून जायचे. गेले की दुसरे यायचे. महाडच्या टेम्पोवाल्याने मला खालच्या आवाजात सांगितलं की त्यांच्या लायनीतल्या सगळ्यांनी मोबाईलवर फोटो बघितला. मालक दिसत नाहीत ते पनवेलला मुलाकडे असतील, असं ते इतके दिवस धरून चालले होते. हल्ली सगळे गाड्या वरूनच नेतात. या घरावर आधीच आभाळ कोसळलंय, त्यात जेवायला कुठे जायचं, म्हणून. म्हणजे जे चार नेहमीचे खाली यायचे, तेही मी वर चढवले होते.

आत्या जाताना ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "मला तेवाच कळलेलं गो. पण तेवा येता आलं नाय. मग वरीस गेलं, दुसरं गेलं. इतक्या उशिरा कुठल्या तोंडानं यावं? आता नातवाच्या मोबाईलवर जावयांचा फोटो आला, तू बोलतेस. म्हटलं, बोलावणंच आलं."

संध्याकाळी शेवटची मोटारसायकल गेली. सतरंजीवर आम्ही दोघंच. भाताचं पातेलं तसंच भरलेलं. मला वाटलं आता ती माझी चामडी लोळवेल, आणि लोळवली असती तर बरं झालं असतं.

तिने एवढंच विचारलं, "बटण होतं?"

"होतं," मी म्हटलं.

मग मी भडाभडा सगळं सांगितलं. बटणवाली का लावली, फिल्म का बदलली नाही, पैसे वाचवायला गेलो आणि तुझं हॉटेल बुडवून बसलो. उद्या बंद करतो, दुसरी करतो, सगळ्यांना फोन करून सांगतो. ती ऐकत होती की नाही कळेना. समईत तेल घालत होती. मग बोलली ती शांतपणे बोलली.

"ते गेले तेव्हा मला शाळेच्या खोलीत ठेवलेलं. चौदा दिवस. बाहेरनं कडी नव्हती, पण जाणार कुठं? दहावा नाय, तेरावा नाय, दारात एक माणूस नाय. खिडकीत भाकरी ठेवून जायचे. रडायला येतं ते माणूस समोर आला की येतं रे. कुणी आलंच नाय, मग मी रडलेच नाय. आज आत्या आली. आज रडले."

समईची वात सारखी करत म्हणाली, "तू पण नाय आलास."

ते खरं होतं. पेणहून खांब काही परमुलूख नाही. रस्त्यात अडवत होते, पास लागत होता, माझी पोरं लहान होती, ही सगळी कारणं मी तेव्हा फोनवर सांगितली होती आणि तिने ती ऐकून घेतली होती. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नव्हती, बायकोलाही नाही. रोह्याला नदीवर भावोजींना अग्नी दिला तेव्हा भाच्याने आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉल लावला होता. छोट्या छोट्या चौकटींत सगळे. ताई शाळेच्या त्या खोलीतून. चार माणसं अंगभर प्लास्टिक घालून, पाठमोरी. मला ते बघवेना. मी थोडा वेळ थांबलो आणि लाल बटण दाबलं. नंतर सांगितलं, रेंज गेली.

ते मी त्या संध्याकाळी तिला सांगितलं.

"माहीत हाय," ती म्हणाली. "तुझी चौकट पहिली गेली. मग एकेक करून सगळ्या गेल्या. शेवटी मी आणि पोर."

मी लहान मुलासारखा रडलो. तिने मला समजावलं नाही, उठून आत गेली आणि दोन ताटं वाढून आणली. भात गार झाला होता. आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी जाहिरात बंद केली. तिने मात्र आलेल्या एकेकाला फोन लावायला घेतला. मी म्हटलं काय सांगणार आहेस? खरं तेच, म्हणाली. की ह्यांना जाऊन वर्षं झाली, तुम्ही आलात ते मला हवंच होतं, आता जसे आलात तसे गोडाच्या जेवणालाही या, माझं ते राहिलंय. मला वाटलं लोक रागावतील, फसवलं म्हणतील. एकदोघे म्हणालेही. पण त्या रविवारपासून तेराव्या दिवशी पुन्हा चपलांचा ढीग झाला. भटजी आले, पान ठेवलं, आणि टेबलं मांडून पंगत बसली. बिरडं, भाकरी, शेवयांची खीर. आत्याने दोनदा खीर मागून घेतली. महाडचा टेम्पोवाला आपल्या लायनीतले सहाजण घेऊन आला आणि जाताना दारातून म्हणाला, "येतो, वैनी."

तो शब्द ऐकून ताई मला कोपराने ढोसायला विसरली नाही.

मग नवी जाहिरात. या वेळी मी तोंड बंद ठेवून तिला विचारलं, कशी हवी. तिने माझ्या जुन्या वहीतलं पहिलं वाक्य मागितलं: 'खांबला पूल चढायच्या आधी डावीकडे वळा.' मग बिरडं, भाकरी, हॉटेलचं नाव. पाच सेकंद. त्यानंतर फोटो, हार, समई, आणि तिचा आवाज, "हे आमचे हे. हॉटेल ह्यांनी चालू केलं."

मी म्हटलं, ताई, या वेळी बिनबटणाचीच लावतो, पैसे माझे. फोटो आता मागे गेलाय, बटण असलं तर तिथवर कोण थांबणार?

"बटण असूदे," ती म्हणाली. "मला अडकवून ठेवलेलं ठाऊक हाय कसं असतं ते. रस्ता कळला ना, झालं. ज्याला ह्यांच्यापाशी थांबायचंय तो थांबेल."

दिवाळीत भाचा आला तो आईचं सामान न्यायला मोठी गाडी घेऊन. दुपारी आला, तेव्हा सातपैकी पाच टेबलं भरलेली होती आणि ताईला त्याच्याशी बोलायला फुरसत नव्हती. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ताटं वाढायला घेतली. संध्याकाळी गाडीत मागच्या सीटवर फक्त दोन पिशव्या सुकट गेली. टायरवाल्याला मी फोन केला, की जागा मिळणार नाही.

निघताना ताई मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. वरून पुलावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "बाकीच्यांनी बटण दाबलं तर दाबूदे. तू दाबायचं नाय."

आमच्या धंद्यात स्वतःची जाहिरात कोणी स्वतः बघत बसत नाही. उगाच मोजणी बिघडते. पण मी पेण-रोह्यातच असतो, त्यामुळे ती मलाही लागते. कधी क्रिकेट बघताना, कधी पोराला गणित समजावायचा व्हिडिओ लावताना. पाचव्या सेकंदाला कोपऱ्यात बटण येतं. पोरगा म्हणतो, बाबा, दाबा ना. मी त्याला म्हणतो, थांब, तुझ्या आत्याचे यजमान आहेत. आणि आम्ही दोघं बघत बसतो.